सोमवारी अजिंठा बंद असतो

जळगावात रविवारचं लग्न असलं की पाहुण्यांच्या मनात एक बेत आपोआप तयार होतो. शनिवारी हळद, रविवारी लग्न, सोमवारी अजिंठा आणि रात्रीच्या गाडीने परत. बेत सोपा आणि नैसर्गिक आहे, पण तो मुळातच उभा राहू शकत नाही, कारण अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात. वेरूळ मंगळवारी बंद असतं. त्यामुळे लग्नानंतर दोन दिवस हाताशी असताना दोन्ही लेणी पाहू म्हणणाऱ्यांनी क्रम वेरूळ आधी आणि अजिंठा नंतर असाच ठेवला पाहिजे. उलटा ठेवला तर दोन्ही दिवशी कुलूप पाहून परत यावं लागेल.

प्रवासाचा आराखडा करताना पहिलं काम ठिकाणांची यादी करण्याचं नाही. आपण हलवू शकत नाही अशा वेळा आधी कागदावर मांडायच्या असतात. रेल्वेची वेळ, लग्नाचा मुहूर्त आणि लेण्यांची सुट्टी या त्यातल्या उघड दिसणाऱ्या. ज्येष्ठ मंडळी सोबत असली की आणखी काही वेळा तितक्याच पक्क्या होतात, मात्र त्या कोणत्याही तिकिटावर छापलेल्या नसतात. मधुमेह असलेल्या मावशींचं जेवण ही पक्की वेळ आहे. साडेबाराचं जेवण अडीच वाजता झालं तर त्यांना घाम, थरथर, गरगरणं सुरू होऊ शकतं, आणि मग साऱ्या गटाचा दिवस तिथेच थांबतो. रक्तदाबासाठी काहीजण सकाळी लघवी वाढवणारी गोळी घेतात. तिचा जोर पहिल्या काही तासांत असतो आणि नेमक्या त्याच तासांत गाडी रस्त्यावर असते. गोळीची वेळ आपल्या मनाने बदलायची नाही. ते निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारायचं, आणि वेळ बदलता येत नसेल तर सकाळच्या टप्प्यात एक थांबा वाढवायचा.

एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. पुण्याहून अकरा माणसं डिसेंबरात जळगावला लग्नाला येत आहेत. त्यांत आजोबा ऐंशीच्या पुढचे, आजींचे गुडघे दुखरे, मावशींना मधुमेह आणि काका नुकतेच सत्तरीत गेलेले. बाकी पाच मधल्या वयाची माणसं आणि दोन मुलं. शनिवारी सकाळी गाडी जळगावात पोहोचते, मंगळवारी रात्री साडेदहाला परतीची गाडी आहे. मनात अजिंठा आहे, धुळ्याला राहणाऱ्या वयोवृद्ध आत्याबाईंची भेट आहे, पद्मालयाचा गणपती आहे आणि मुक्ताईनगर-चांगदेवही आहे.

सुरुवात तिकिटापासून करू, कारण त्याची मुदत सगळ्यात आधी येते. सध्या रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती आणि अनेक घरांत अजून तोच हिशेब डोक्यात असतो. एका तिकिटावर जास्तीत जास्त सहा प्रवासी बसतात, म्हणून साहजिकच कुणीतरी सहा आणि पाच अशी दोन तिकिटं काढतं. ज्येष्ठांची अडचण इथूनच सुरू होते. खालच्या बर्थसाठी जो ज्येष्ठ नागरिकांचा कोटा आहे तो ६० वर्षांवरील पुरुषांना आणि ४५ वर्षांवरील स्त्रियांना मिळतो, पण त्या तिकिटावर एक किंवा दोनच माणसं असतील आणि दोघंही या वयात बसत असतील तरच. सहाजणांच्या तिकिटात आजी-आजोबांची नावं घातली की ती दोघं या कोट्याबाहेर जातात. आजी-आजोबांचं एक, मावशी-काकांचं एक आणि उरलेल्या सातजणांची वेगळी, अशी तिकिटं काढणं म्हणूनच योग्य. यात डबे वेगवेगळे येण्याची शक्यता असते, हे खरं. तरीही दुखऱ्या गुडघ्यांनी मधल्या बर्थवर चढण्यापेक्षा, कुण्या तरुणाने आपला बर्थ बदलून ज्येष्ठांच्या डब्यात जाऊन झोपणं केव्हाही सोपं.

गाडी मध्यरात्रीनंतरची असेल तर तारीख दोनदा वाचावी. सोमवारी रात्री साडेबाराची गाडी बोलताना सोमवारची असते, तिकिटावर मात्र ती मंगळवारची असते. जळगावला बऱ्याच गाड्या दोन-तीन मिनिटंच थांबतात. चार ज्येष्ठ, अकरा माणसांचं सामान आणि लग्नातल्या आहेराच्या पिशव्या एवढ्या वेळात चढवायच्या तर डब्याची जागा आधी कळलेली हवी. भुसावळला गाड्या साधारणपणे जास्त वेळ थांबतात. जळगावहून भुसावळ पंचवीस-सव्वीस किलोमीटर आहे. सामान फार असेल आणि चालायला वॉकर किंवा काठी लागत असेल, तर तेवढा रस्ता अधिक करून भुसावळला गाडीत बसणं मला शहाणपणाचं वाटतं. तसं ठरलं तर तिकिटात चढण्याचं स्थानक भुसावळच असलं पाहिजे.

आता रस्ता. जळगाव ते धुळे सुमारे नव्वद किलोमीटर, वाटेत एरंडोल आणि पारोळा. फोनवरचा नकाशा दोन तासांच्या आसपासचा वेळ दाखवतो. हा वेळ फक्त चाकं फिरण्याचा असतो, माणसं चढण्या-उतरण्याचा त्यात नसतो. टेम्पो ट्रॅव्हलरची पायरी उंच असते. आजींना एक पाय वर ठेवून दांडा धरायला, मागून कुणी आधार द्यायला, आत जाऊन बसायला आणि काठी ठेवायला वेळ लागतो. अकरा माणसांची गाडी लॉजच्या दारातून हलायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, आणि पाच मिनिटांचा म्हणून केलेला चहाचा थांबा वीस-पंचवीस मिनिटांचा होतो, कारण स्वच्छतागृह एक आणि रांगेत सातजण असतात. दिवसात असे चार थांबे झाले की दीड तास जातो. तो तास-दीड तास ज्या आराखड्यात लिहिलेला नसतो तो आराखडा दुपारनंतर हमखास कोलमडतो. गाडीत एक बुटकं, भक्कम स्टूल ठेवलं की उंच पायरीची अडचण बरीच कमी होते. ज्येष्ठांना शेवटच्या रांगेत बसवू नये. ती चाकांच्या मागे असल्याने खड्ड्याचा दणका तिथे सर्वांत जोरात बसतो.

चालण्याचाही असाच हिशेब असतो. तरुण माणूस एक किलोमीटर बारा मिनिटांत जातो. ऐंशीच्या आजोबांना, मध्ये एकदा टेकायचं धरून, वीस-पंचवीस मिनिटं लागतात. गटाचा वेग हा आजोबांचा वेग असतो, सगळ्यांची सरासरी काढून उपयोग होत नाही.

सोमवारचा दिवस मांडू. आदल्या रात्री लग्न आटोपून निजायला उशीर झालेला आहे, म्हणून सकाळी साडेनऊच्या आधी निघायचं नाही. पारोळ्याला एक थांबा धरून धुळ्यात बारा वाजता पोहोचायचं. आत्याबाईंकडे साडेबाराला जेवण. घरच्या जेवणाला तास पुरेल असं समजणाऱ्याने खानदेशी घर पाहिलेलं नसावं. वरण-बट्टी, वांग्याचं भरीत, वाढता वाढता होणारा आग्रह, जुने फोटो, कोण वारलं आणि कुणाला नातू झाला याच्या गोष्टी. आजोबांच्या दृष्टीने कदाचित साऱ्या प्रवासाचं कारण हेच असेल. म्हणून तिथे दोन-अडीच तास मोकळ्या मनाने लिहायचे.

प्रश्न पद्मालयाचा आहे. एरंडोलपासून दहा-बारा किलोमीटर आत, जंगलाच्या वाटेवर हे गणपतीचं स्थान आहे. जाताना वाटेतच आहे म्हणून ते सकाळी उरकू असं वाटतं, पण तसं केलं की धुळ्याला पोहोचायला एक-सव्वा वाजतो आणि मावशींचं जेवण मागे पडतं. गाळता येण्याजोगं ठिकाण पक्क्या वेळेच्या आधी कधी ठेवायचं नाही, कारण तिथे झालेला उशीर थेट त्या पक्क्या वेळेवर पडतो. पद्मालय परतीच्या वाटेवर ठेवायचं. मात्र डिसेंबरात खानदेशात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि जंगलातून ज्येष्ठांना घेऊन अंधारात यायचं नाही. उलटा हिशेब केला तर एरंडोलच्या फाट्यावर चार वाजता असलं पाहिजे, म्हणजे धुळ्याहून अडीचच्या सुमारास निघालं पाहिजे.

अडीचला निघणं झालं नाही तर? त्यासाठी त्याच मोकळ्या जागेत दुसरा पर्याय आधीच लिहून ठेवायचा. धुळ्यातच पांझरेकाठी एकवीरा देवीचं मंदिर आहे. आत्याबाईंकडून निघायला तीन वाजले तर पद्मालय सोडायचं, एकवीरेचं दर्शन घ्यायचं आणि सरळ जळगाव गाठायचं. दोन्ही करण्याचा प्रयत्न करायचा नाही. निर्णयाची वेळ आदल्या दिवशीच सगळ्यांना सांगितलेली असली की त्यावरून गाडीत वाद होत नाही आणि पद्मालय राहिल्याचा दोष कुणा एकावर येत नाही.

मोकळ्या वेळेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आराखड्यात सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. आराखड्यात दोन प्रकारचा रिकामा वेळ असतो. एक राखीव वेळ, जो पंक्चर, रांग, वाहतूककोंडी यांनी खाल्ला जावा म्हणूनच ठेवलेला असतो. दुसरा विसाव्याचा, जो माणसांचा असतो. पुष्कळ जण दोन्ही एकच समजतात, आणि उशीर झाला की विसाव्यातून कापतात. मग दुपारी अर्धा तास पाठ टेकायची सवय असलेले आजोबा तीन दिवस टेकतच नाहीत आणि चौथ्या दिवशी त्यांचे पाय सुजतात.

या बाबतीत शिकण्यासारखा नमुना खानदेशातच आहे. मुक्ताईनगरहून दरवर्षी संत मुक्ताबाईंची पालखी पंढरपूरला निघते. आषाढी एकादशी ही तिची न हलणारी वेळ. वाट जवळजवळ महिनाभराची, आणि चालणाऱ्यांत मोठ्या संख्येने वयस्क वारकरी असतात. पालखीच्या वेळापत्रकात रात्रीचा मुक्काम जसा गावाच्या नावासह ठरलेला असतो तसाच दुपारचा विसावाही ठरलेला असतो. वेळ उरला तर थांबू, असा तो नसतो. सावली, पाणी आणि जेवण कुठे आहे हे आधी पाहून त्याची जागा नेमलेली असते. विसाव्याला वेळ आणि जागा दोन्ही लागतात. ‘दुपारी आराम’ एवढंच लिहून भागत नाही. कुठल्या खोलीत, कुठल्या पलंगावर, तिथे पंखा आणि स्वच्छतागृह आहे का, हे लिहिलं तरच तो विसावा प्रत्यक्षात येतो.

यावरून शनिवारच्या सकाळचा एक मुद्दा निघतो. गाडी पहाटे किंवा सकाळी लवकर आली आणि लॉजची खोली बाराला मिळणार असेल, तर ज्येष्ठांनी पाच-सहा तास बाकड्यावर काढायचे का? निदान एक खोली आदल्या रात्रीपासून घ्यावी. चोवीस तासांच्या हिशेबाने खोली देणारा लॉज मिळाला तर खोलीचा दिवस आपण आलो तिथपासून मोजला जातो आणि हा खर्च वाचतो. मंगळवारी परत जातानाही हाच नियम. सकाळी निघतानाच बाकी खोल्या सोडायच्या, पण एक रात्री सव्वानऊपर्यंत ठेवायची. एका दिवसाचं जादा भाडं जातं. अजिंठ्याहून दमून आलेल्या चार माणसांना आंघोळ करून पाठ टेकायला मिळते, तेव्हा ते भाडं महाग वाटत नाही.

आता मंगळवार, म्हणजे अजिंठा. हा दिवस सर्वांत जड आहे आणि त्याच रात्री गाडी आहे, म्हणून नीट पाहावा लागतो. जळगावहून फर्दापूर सुमारे साठ किलोमीटर. खाजगी गाडी लेण्यांपर्यंत जात नाही. फर्दापूरच्या टी-पॉइंटला ती उभी करून तिथल्या बसने पुढचे चार किलोमीटर जावं लागतं. म्हणजे उतरणं, बसपर्यंत चालणं, रांग, पुन्हा चढणं, पुन्हा उतरणं आणि मग लेण्यांचं तिकीट. सकाळी आठला निघून, एक थांबा घेऊन दहाला फर्दापूर, आणि पहिल्या लेण्यापाशी पावणेअकरा, असं धरावं. पायथ्याशी उपाहारगृह आणि स्वच्छतागृह आहे. वर गेल्यावर खाली येईपर्यंत सोय नाही असं समजून ज्येष्ठांनी तिथे जाऊन मगच पायऱ्या चढाव्यात. यावर काही ज्येष्ठ पाणी पिणंच बंद करतात. डिसेंबरात ते एकवेळ निभतं, पण मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास असताना हा उपाय जिवावर बेतू शकतो. उन्हाळ्यात ज्येष्ठांना घेऊन ही लेणी पाहूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

सुरुवातीच्या पायऱ्या हाच खरा अडथळा आहे. वाघोरा नदीच्या वळणावर घोड्याच्या नालेसारखी पसरलेली ही तीस लेणी शेवटपर्यंत पाहायची तर बरंच चालणं, चढणं-उतरणं होतं. ज्येष्ठांच्या बाजूची गोष्ट अशी की क्रमांक एक आणि दोन ही लेणी पायऱ्या संपताच लागतात, आणि पद्मपाणी बोधिसत्त्वाचं जगप्रसिद्ध चित्र पहिल्याच लेण्यात आहे. गुडघे दुखणाऱ्या आजींनी ही दोनच पाहिली तरी अजिंठ्याच्या चित्रकलेचं फार मोठं धन पाहिलं. पुढची महत्त्वाची चित्रं सोळा आणि सतरा क्रमांकात, साधारण मध्यावर आहेत. तिथवर जाण्यासाठी डोली मिळते. भाडं खालीच ठरवावं, आणि परतीची खेप त्यात धरली आहे का हे विचारावं. सव्वीसाव्या लेण्यातली महापरिनिर्वाणाची प्रचंड मूर्ती मात्र टोकाकडे आहे. चित्रांच्या लेण्यांत चपला बाहेर काढाव्या लागतात. वाकून बूट काढता येत नाहीत त्यांनी नाडीचे बूट घालूच नयेत. आतला उजेडही मुद्दाम मंद ठेवलेला असतो. बाहेरच्या उन्हातून आत शिरताच ज्येष्ठांच्या डोळ्यांना सरावायला काही मिनिटं लागतात, तोवर उंबऱ्यापाशी त्यांचा हात धरून उभं राहावं. पडण्याचा धोका तिथेच जास्त असतो.

इथे गटाचे दोन भाग करावेत. ज्येष्ठ आणि त्यांच्यासोबत दोघं पावणेअकरा ते साडेबारा एवढंच पाहतील आणि खाली येऊन पाऊण वाजता जेवतील. उरलेले दीडपर्यंत पूर्ण रांग पाहून येतील. अडीचला सगळे खालच्या बसथांब्यावर. भेटीची जागा आणि वेळ तोंडी न ठरवता प्रत्येकाच्या खिशातल्या चिठ्ठीवर असावी. डोंगराच्या कुशीत फोन लागेलच असं धरू नये. गट फोडला की ज्येष्ठांना आपल्यामुळे बाकीच्यांचं राहिलं असं वाटत नाही, आणि तरुणांनाही दर दहा पावलांनी थांबावं लागत नाही.

तीनला फर्दापूर, पाचला जळगाव. गाडी रात्री साडेदहाची, म्हणजे सव्वानऊला लॉजवरून निघायचं. मध्ये सव्वाचार तास उरतात. ते फार आहेत असं वाटून कुणी मुक्ताईनगर किंवा खरेदी त्यात घालायला पाहील. राखीव वेळ किती हवा हे टक्केवारीवरून ठरवायचं नसतं. वाटेत घडू शकणाऱ्या वाईट पण संभवनीय गोष्टीवरून तो मोजायचा. समजा फर्दापूरहून निघाल्यावर गाडी बंद पडली आणि जळगावहून दुसरी मागवावी लागली. ती मिळून तिथे पोहोचायला दोन-अडीच तास जातील. तसं झालं तरी सारे साडेसात-आठपर्यंत जळगावात येतात, हातपाय धुऊन जेवतात आणि गाडी मिळते. म्हणून तो वेळ तसाच राहू द्यायचा. काही बिघडलं नाही तर आजी-आजोबा त्यातले तीन तास झोपतील. हाच वेळ दिवसभरात अर्धा-अर्धा तास वाटून टाकला असता तर तो चहात आणि गप्पांत संपला असता, आणि गाडीच्या आधी काहीच उरलं नसतं. राखीव वेळ पक्क्या वेळेच्या लगेच आधी, एकगठ्ठा ठेवावा.

मुक्ताईनगर या आराखड्यात बसत नाही. ते जळगावच्या पूर्वेला, पंचावन्न-साठ किलोमीटरवर आहे, आणि धुळं पश्चिमेला. तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेव मंदिर आणि मुक्ताईचं दर्शन यांना निवांत अर्धा दिवस द्यायला हवा. हवाच असेल तर सोमवारचं धुळं काढून तिथे मुक्ताईनगर ठेवावं. त्या बाबतीत आत्याबाई की मुक्ताई हा निर्णय आजोबांनी घ्यावा, फोनवर नकाशा पाहणाऱ्या नातवाने नाही. कुणी अमळनेरचं मंगळग्रह मंदिर सुचवलं तर मंगळवारी तिथे मोठी गर्दी असते हे लक्षात ठेवून दुसरा वार पाहावा.

शेवटी हा सारा आराखडा एका कागदावर, मोठ्या अक्षरांत उतरवून प्रत्येक ज्येष्ठाच्या हातात द्यावा. फोनमधला संदेश त्यांना वेळेवर सापडत नाही. त्या कागदावर चार गोष्टी पुरतात: आज किती वाजता निघायचं, जेवण कुठे आणि केव्हा, पाठ कुठे टेकायची, आणि चुकामूक झाली तर कुणाला फोन करायचा. मागच्या बाजूला त्यांच्या औषधांची नावं आणि वेळा. लग्नासाठी आलेल्या अशा गटाला शनिवार ते मंगळवार या चार दिवसांत लग्नाखेरीज दोनच मोठी ठिकाणं झेपतात. तिसरं ठिकाण हवं असेल तर एक मुक्काम वाढवावा आणि तिकीट त्या हिशेबाने, साठ दिवस आधीच काढावं.